तीन भेटींनंतर तो गायब झाला: शेवटचा मेसेज पाठवायचा का, आणि पाठवला तर कसा

“गूळपोळ्या संपल्या पण. आईने कृती विचारलीय. पुढच्या रविवारी नक्की भेटू.”

रविवारी रात्री अकराच्या पुढे आलेला हा मेसेज. त्यानंतर त्या मुलाकडून माझ्या मावसबहिणीला काहीच आलं नाही. त्याआधी तीन भेटी झाल्या होत्या. पहिली इंदूरच्या छप्पन दुकानावर कॉफीची, तासाभराची म्हणून ठरली आणि तीन तास चालली. दुसरी रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत, गराडू म्हणजे तळलेला मसालेदार कंद खात, थंडीत हात चोळत. तिसरी संक्रांतीनंतरच्या रविवारी सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाला, मावशीच्या जागेवर. त्या दिवशी हिने घरच्या गूळपोळ्या स्टीलच्या डब्यात नेल्या आणि डबा त्याच्याकडेच राहिला. डब्यावर आमच्या आजीचं नाव कोरलेलं आहे.

दहाव्या दिवशी ती माझ्याकडे आली, फोन पुढे केला आणि म्हणाली, “ताई, मी हे लिहिलंय. पाठवू का?” स्क्रीन तीन वेळा सरकवावी लागेल इतकं लांब होतं ते. पुढचा आठवडाभर आम्ही दोघींनी मिळून जे केलं, ते तिच्या परवानगीने इथे क्रमाने लिहिते. ॲपवरून भेटणं ज्यांना नवीन आहे आणि ज्यांच्यावर हे पहिल्यांदाच आलंय, त्यांच्यासाठी.

आधी पाहा, खरंच गायब झालाय का

शांतता किती दिवसांची झाली की तिला घोस्टिंग म्हणायचं, याचा ठराविक आकडा नाही. तुमच्या दोघांच्या बोलण्याचा वेग काय होता, त्यावर ते ठरतं. आठवड्यातून दोनदा बोलणाऱ्यांमध्ये पाच दिवस गेले तर काही बिघडलेलं नसतं. ही दोघं रोज रात्री बोलत होती, तेव्हा चौथ्या दिवशीच काहीतरी वेगळं आहे हे कळायला हवं होतं.

मग चॅट उघडून एकदाच, पण नीट वाचायची. शेवटचा खरा प्रश्न कोणी विचारला होता? पुष्कळदा असं दिसतं की आपण नुसता रील पाठवला होता किंवा “हो ना” म्हणून थांबलो होतो, आणि समोरच्याला उत्तर देण्यासारखं काही नव्हतंच. तसं असेल तर एक साधा मेसेज पाठवायचा, ज्याला हो किंवा नाही म्हणता येईल असा: “शनिवारी संध्याकाळी वेळ आहे का?” एवढाच. “कुठे गायब झालास?” असं विचारलं की समोरच्याला आधी सफाई द्यावी लागते, आणि सफाई द्यायला लागू नये म्हणूनच बरेच जण गप्प बसलेले असतात.

हिने सोमवारी एक गाणं पाठवलं होतं, मंगळवारी “कसा गेला दिवस?” आणि गुरुवारी “रविवारचं नक्की ना?” तिन्हीवर निळ्या खुणा होत्या. म्हणजे हा साधा मेसेज तिचा आधीच पाठवून झाला होता. वाट पाहायची ती त्यानंतर एक आठवडा.

निळ्या खुणांबद्दल इथेच सांगते, कारण नवीन मुलं त्यांतच अडकतात. व्हॉट्सॲपवर दोन निळ्या खुणा म्हणजे मेसेज उघडला गेला, यापलीकडे काही कळत नाही. दोन करड्या असतील तर तो पोचला आहे, पण समोरच्याने वाचल्याची खूण बंद केलेली असू शकते. एकच खूण दिवसेंदिवस राहिली, फोटो दिसेनासा झाला, ‘लास्ट सीन’ही नाही आणि कॉलही लागत नाही, असं सगळं एकत्र आलं तर बहुधा ब्लॉक केलेलं असतं. पण व्हॉट्सॲप हे मुद्दामच स्पष्ट सांगत नाही. डेटिंग ॲपवर मात्र समोरच्याने अनमॅच केलं तर अख्खं संभाषणच नाहीसं होतं.

त्याचं काही बरंवाईट तर झालं नसेल? ही शंका प्रत्येकाला येते आणि ती चुकीची नाही. ती एकदाच फेडून टाकायची. स्टोरी दिसतेय का, दोघांच्या ओळखीतलं कोणी असेल तर त्याला एक सहज प्रश्न, बास. हिच्या बाबतीत शुक्रवारी त्याची पितृपर्वतावरची स्टोरी दिसली. माणूस सुखरूप होता, आणि तिला त्याचंच सगळ्यात जास्त लागलं.

इतकं का लागतं, हे समजून घ्या

“तीनच तर भेटी, एवढं काय?” असं घरचे म्हणतात आणि आपणही स्वतःला तेच सुनावतो. पण यात कमकुवतपणाचा काही संबंध नाही. किपलिंग विल्यम्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने वगळलं जाण्यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. त्याची सुरुवात एका बागेत झाली. दोन अनोळखी माणसांची फ्रिस्बी त्याच्यापाशी येऊन पडली, त्याने ती परत फेकली आणि थोडा वेळ तिघं खेळले. मग त्या दोघांनी अचानक त्याच्याकडे टाकणं बंद केलं. ती माणसं त्याला पुन्हा कधी भेटणारही नव्हती, तरी त्याला ते खोल लागलं. पुढे त्याने हाच खेळ कॉम्प्युटरवर आणला. चेंडू टाकणारी खरी माणसं नाहीत, कॉम्प्युटरच आहे, असं आधी सांगितलेल्यांनाही वगळलं गेल्यावर वाईट वाटलं. मग सराफ्यात तुमच्यासाठी गराडूवर जास्तीचा मसाला मागणाऱ्या माणसाने पाठ फिरवली तर लागणारच.

यात आणखी एक त्रास आहे. नकार ऐकला की रडून तो विषय संपवता येतो. इथे नकारच मिळत नाही, म्हणून डोकं कारणं शोधत बसतं. मी नाटकात मध्येच बोलले का? पोळ्या नेल्या म्हणजे फार पुढे गेले का? पण दुसरी मुलगी भेटली, जुनं नातं परत आलं, घरच्यांनी स्थळ आणलं, किंवा “नको” म्हणायचं धाडस झालं नाही, या चारही कारणांनंतरची शांतता अगदी सारखीच दिसते. शांततेवरून कारण ओळखता येत नाही. आपल्याकडे यातलं तिसरं कारण बरंच असतं असं मला वाटतं, पण हिच्या बाबतीत तेच झालं असेल असं म्हणायला माझ्याकडे काही नव्हतं, म्हणून मी ते तिला बोललेही नाही.

तो लांबलचक मेसेज कागदावर लिहा

तिने लिहिलेलं मी पुसायला लावलं नाही. फोनमधून काढून वहीत उतरवायला लावलं. जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1986 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यात विद्यार्थ्यांनी मनाला सर्वात जास्त लागलेल्या गोष्टीबद्दल सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहिलं. लिहून उठल्यावर त्यांना आणखीच वाईट वाटलं होतं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या खेपा इतरांपेक्षा कमी झाल्या. मला यातली पहिली गोष्ट सांगायची आहे: लिहिल्या लिहिल्या मोकळं वाटत नाही. पहिल्या रात्री ती रडली आणि “याने तर वाढलं” म्हणाली. तिसऱ्या रात्री वहीत त्याच्याबद्दल अर्धं पान होतं आणि उरलेलं सगळं मागच्या वर्षी बदललेल्या नोकरीबद्दल.

ज्या दिवशी मनात सगळं उसळलेलं असतं, त्या दिवशी चॅटच्या चौकटीत एक अक्षरही टाइप करायचं नाही. बोट चुकून लागतं. पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो आणि दोनेक दिवसांपर्यंत दोन्हीकडून पुसता येतो, पण पुसल्याची खूण तिथेच राहते. आणि ती खूण मेसेजपेक्षा जास्त बोलते.

पाठवायचा की नाही

चौथ्या दिवशी मी तिला एकच गोष्ट विचारली. “समज, पाठवलास आणि त्यावर कधीच काही आलं नाही. तर तू काय करशील?”

सगळा निर्णय या उत्तरावर आहे. ती आधी म्हणाली, “मग निदान त्याला कळेल तरी, तो कसा वागला ते.” म्हणजे तिला अजून त्याच्याकडून काहीतरी हवं होतं, निदान पश्चात्ताप तरी. अशा वेळी पाठवलेल्या मेसेजला उत्तर आलं नाही, तर पहिल्यापासून सगळं परत सुरू होतं, आणि या वेळी दार आपणच ठोठावलेलं असतं. मी म्हटलं, थांब. दोन दिवसांनी विचारलं तेव्हा म्हणाली, “काही नाही करणार. पण रविवार रिकामा ठेवायचा थांबवेन.” तेव्हा मी हो म्हटलं.

तो शेवटचा मेसेज आपल्यासाठीच असतो, तो इतकाच. “मी वाट पाहणं थांबवलंय” हे आपल्याच हाताने लिहून एका जागी ठेवायचं. उत्तर मिळवण्यासाठी, समोरच्याला लाजवण्यासाठी किंवा परत बोलावण्यासाठी तो चालत नाही. त्या तिन्हीसाठी मी ओळखीत पाठवलेले मेसेज पाहिले आहेत, आणि काय झालं तेही.

काही वेळा तो अजिबात पाठवायचा नाही. एकच भेट झाली असेल तर गरज नाही, एका भेटीनंतरची शांतता हेच उत्तर समजावं. समोरच्याने “सध्या जमणार नाही” असं कसंही, आडून का होईना, सांगितलं असेल तरी नाही. ब्लॉक केलं असेल तर मुळीच नाही. दुसऱ्या नंबरवरून नाही, इन्स्टावरून नाही, मित्राच्या फोनवरून नाही.

मुलांसाठी हे वेगळं सांगते. मुलीने नको असल्याचं स्पष्ट दाखवल्यावरही वारंवार संपर्क साधत राहणं, मेसेजवरूनसुद्धा, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कुठलाही नकार न मिळालेल्या मुलीला पाठवलेला एक सभ्य निरोप यात येत नाही. पण त्यानंतरचा दुसरा, तिसरा, चौथा पाठवताना तुमच्या मनात काय आहे ते तिला दिसत नाही. तिला एवढंच दिसतं की हा थांबत नाहीये.

इंदूरसारख्या गावात पाठवण्याच्या बाजूने एक कारण जास्तीचं आहे. मराठी माणसं इथे पुष्कळ आहेत, तरी फिरून फिरून तीच भेटतात. रामबागेत, गणपतीत, नाटकाच्या मध्यंतरात, कुणाच्या मुंजीत. शेवट उघडा राहिला की प्रत्येक वेळी सभागृहात शिरताना नजर रांगा शोधत फिरते. आपल्या बाजूने एक वाक्य बोलून झालं असेल तर समोरासमोर आल्यावर “कसा आहेस?” म्हणून पुढे जाता येतं.

याच कारणाने नातेवाइकांना यात घ्यायचं नाही. मावशीच्या भिशीतल्या एक काकू त्याच्या आत्याला ओळखतात हे दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, आणि मावशी फोन उचलायच्या बेतात होती. तिला थांबवणं हे या सगळ्यातलं कठीण काम होतं. आत्याकडून चौकशी गेली की तीन भेटींचं स्थळ होतं, आणि मग दोन्ही घरांना उत्तर द्यावं लागतं.

मेसेज कसा लिहायचा

तिच्या मूळ मसुद्यातली काही वाक्यं तिने लिहू दिली आहेत. “मला कळत नाहीये माझं काय चुकलं.” हे काढलं, कारण चूक आपली होती असं आपणच मांडतोय आणि निकाल त्याच्याकडे मागतोय. “तुला असं वागणं शोभत नाही.” हेही काढलं. खरं असेल, पण त्यावर फक्त भांडण किंवा आणखी शांतता मिळते. “तुला बोलावंसं वाटलं तर मी इथे आहे.” हे तिला सगळ्यात आवडलेलं वाक्य होतं आणि सगळ्यात आधी काढायला हवं होतं. दार बंद करतानाच त्यात पाय घालून ठेवल्यासारखं आहे ते. ते वाक्य गेलं असतं तर ती आणखी महिनाभर वाट पाहत बसली असती.

मग राहिला डबा. तो खरोखर परत हवा होता, कारण मावशीने दोनदा विचारलं होतं. पण डबा हा भेटीचा बहाणा होऊ द्यायचा नव्हता. म्हणून परत कसा करायचा तेही आपणच ठरवून टाकायचं, ज्यात भेट लागणार नाही.

शेवटी जे गेलं ते असं:

“हाय. त्या रविवारनंतर तुझ्याकडून काही आलं नाही, म्हणून पुढे भेटायचं नाही असं मी समजतेय. तिन्ही वेळा मला छान वाटलं होतं. आजीचा डबा मात्र मला परत हवा आहे, विजयनगरला माझ्या ऑफिसच्या गेटवर गार्डकडे माझ्या नावाने ठेवशील. बाकी उत्तर द्यायला हवं असं नाही. नीट राहा.”

पाच वाक्यं आणि एक ‘हाय’. त्यात एकही प्रश्न नाही, हे मुद्दाम. ‘ठेवशील का’ असं आधी लिहिलं होतं, त्यातला ‘का’ तिनेच काढला. आभार, माफी, हसरा चेहरा यातलं काही नाही. भाषा मराठीच ठेवली. इथली मुलं चिडली की हिंदीत जातात आणि औपचारिक व्हायचं असलं की इंग्रजीत. पण ज्या भाषेत गराडू खाल्ले त्याच भाषेत निरोप द्यावा. ‘तू’ होतं ते ‘तू’च राहू द्यावं. एकदम ‘तुम्ही’ केलं की तो टोमणा होतो.

कधी पाठवायचा आणि त्यानंतर काय

रात्री पाठवायचा नाही. हिने बुधवारी सकाळी पावणेदहाला पाठवला, दहाची मीटिंग होती तिची. पाठवायच्या आधी सेटिंग्जमध्ये जाऊन वाचल्याची खूण बंद केली. ती बंद केली की आपली खूण त्याला दिसत नाही आणि त्याची आपल्यालाही. इथे त्या दुसऱ्या अर्ध्याचाच उपयोग आहे. निळं झालं का हे दर दहा मिनिटांनी पाहायला काही उरतच नाही. मग चॅट म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाकली आणि त्याच्या स्टोरीज लपवल्या. ब्लॉक केलं नाही, डब्याचा निरोप यायचा होता म्हणून.

उत्तर आलंच तर? पुष्कळदा येतं, आणि बहुतेक एकाच साच्याचं असतं. त्याचंही चौथ्या दिवशी आलं: “सॉरी यार, खूप धावपळ चालू होती. तू खूप छान आहेस. बोलू लवकरच.”

तिचा चेहरा उजळला, ते मी पाहिलं. आम्ही दोघींनी तो मेसेज परत वाचला. त्यात दिवस नव्हता, जागा नव्हती, वेळ नव्हती. ज्याला खरंच परत यायचंय तो काय झालं होतं ते सांगतो आणि “शनिवारी सहाला भेटशील?” असं विचारतो. तसं आलं असतं तर जायचं की नाही हा वेगळा विचार होता, आणि गेलीच असती तर पुन्हा असं झालं तर चालणार नाही, हे पहिल्या पाच मिनिटांत सांगायला मी सांगितलं असतं. इथे नुसतं ‘लवकरच’ होतं. त्यावर तिने अंगठ्याची खूणही दिली नाही, कारण उत्तर द्यायला हवं असं नाही हे दोघांनाही लागू होतं.

पुढचे पंधरा-वीस दिवस चढउतार राहतात. सराफ्याच्या गल्लीतून जाताना पोटात कालवतं, रविवारी संध्याकाळ लांबते. पण दोन-तीन आठवडे उलटूनही झोप नाही, जेवण जात नाही, कामावर जाववत नाही, किंवा जगणंच नको वाटायला लागलं, तर ते तीन भेटींपुरतं राहिलेलं नाही. 14416 हा सरकारचा टेली-मानस नंबर आहे, चोवीस तास चालतो आणि मोफत आहे. जगणं नको वाटत असेल तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी तिथे फोन लावायचा आणि घरात एका माणसाला सांगायचं.

डबा त्या शनिवारी गेटवर आला. गार्डने पिशवी दिली, आत चिठ्ठी वगैरे काही नव्हतं. डबा स्वच्छ घासलेला होता, रिकामा. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात, ते तिच्याही लक्षात आलं असणार. घरी आल्यावर मावशीने झाकण उघडून आत पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. मग रव्याची पिशवी फोडून डबा भरला आणि वरच्या फळीवर ठेवून दिला.